आल्या पावली परत: घड्याळातली ‘मागावरून परत’ ही सोय अंधार पडताना कशी वापरावी

माझ्या मनगटावर जीपीएसचं घड्याळ येऊन दोन वर्षं झाली होती. किती किलोमीटर चालले, हृदयाचे ठोके किती पडले, एवढंच मी त्यात बघायचे. आल्या वाटेने परत नेण्याची सोय त्यात आहे हे माहीत होतं, पण कधी लावून बघितली नव्हती. पहिल्यांदा लावली तेव्हा सूर्य बुडायला सात मिनिटं होती, आम्ही वाट चुकलो होतो आणि बरोबर एकोणीस वर्षांचा मावसभाऊ होता. घड्याळाने आम्हाला खाली आणलं, पण त्याआधी एकदा भलत्याच दिशेला पाठवायला निघालं होतं. ते तसं का वागलं हे मला दोन दिवसांनी, घरी बसून माग बघताना कळलं. तुम्हाला ते डोंगरावर कळायला नको, म्हणून हे लिहितेय.

आधी आमची वाट सांगते, कारण पुढे सगळं तिच्याच आधाराने सांगणार आहे. पायथा ६४० मीटर उंचीवर. तिथून झाडीतून २.३ किलोमीटर चढ, मग १,०१० मीटरवर एक खिंड. खिंडीनंतर लांबलचक गवताळ पठार, आणि पठाराच्या पलीकडच्या टोकाला कडा. पायथ्यापासून कड्यापर्यंत ५.२ किलोमीटर. आम्ही साडेबाराला निघालो, हीच पहिली चूक. कड्यावर पोचायला सव्वाचार वाजले, तिथे रेंगाळलो, आणि ५:१० ला परत फिरलो. सूर्यास्त ६:०५ चा होता. हा आकडा सकाळपासून घड्याळातच होता. मी तो बघितला नाही.

## १. घड्याळ नेमकं काय करतं ते आधी समजून घ्या

घड्याळाला वाट माहीत नसते. ते उपग्रहांचे संदेश ऐकून दर सेकंदाला, किंवा काही सेकंदांनी, तुम्ही कुठे आहात त्याचा एक ठिपका टाकतं. हे ठिपके जोडले की रेघ होते. ‘मागावरून परत’ म्हणजे हीच रेघ उलटी करून तुमच्यासमोर ठेवणं. त्याला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही आणि नकाशाही लागत नाही.

गार्मिनच्या बऱ्याच घड्याळांत ही सोय `Back to Start` मध्ये `TracBack` या नावाने सापडते. ॲपलच्या घड्याळात ती होकायंत्राच्या ॲपमध्ये आहे, नाव `Backtrack`, आणि परत फिरताना `Retrace Steps` दाबायचं. ती २०२२ च्या watchOS 9 पासून आली. पोलरच्या काही घड्याळांत `TrackBack` आहे. नावं वेगळी असली तरी काम एकच: तुमच्या पावलांची वही उलटी वाचून दाखवणं. वहीत चुका असतील तर त्या चुकाही वाचून दाखवल्या जातात.

बऱ्याच घड्याळांत शेजारीच दुसरा पर्याय असतो, सरळ रेषेचा. तो सुरुवातीच्या ठिकाणाकडे थेट बाण दाखवतो. मध्ये दरी आहे की कडा, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. डोंगरात अंधार पडताना तो निवडू नका. सपाट, मोकळ्या मैदानावर ठीक आहे.

## २. निघण्यापूर्वी: काय लागेल आणि काय तपासायचं

- पूर्ण चार्ज केलेलं घड्याळ, छोटी पॉवरबँक, आणि घड्याळाची चार्जिंगची केबल. फोनची केबल त्याला लागत नाही, हे मला भर डोंगरात आठवलं.
- माणशी एक हेडटॉर्च. आमच्याकडे दोघांत एक होता.
- फोन, त्यात आधीच उतरवून ठेवलेला त्या भागाचा नकाशा.
- शिट्टी.

पायथ्याशी, मोकळ्या आकाशाखाली उभं राहून घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत थांबा. कधी अर्धं मिनिट लागतं, कधी दोन-तीन मिनिटं. ते न सापडताच निघालात तर सुरुवातीचा तुकडा मागात नसतो, आणि रात्री घड्याळ ‘पोचलात’ म्हणतं तेव्हा तुम्ही अजून झाडीतच असता.

मग सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघा. एक, बॅटरी वाचवणारा जीपीएसचा प्रकार चालू नाही ना. त्यात ठिपके लांब लांब पडतात, आणि नागमोडी वाटेची वळणं रेघेतून गायब होतात. दुसरी, ‘थांबलं की आपोआप पॉझ’ ही सोय बंद करा. ती शहरात पळणाऱ्यांसाठी बरी. चढावर आपण इतके सावकाश चालतो की घड्याळाला आपण थांबलोय असं वाटतं, आणि तेवढा तुकडा नोंदला जात नाही.

## ३. परत फिरताना लगेच लावा, वाट चुकल्यावर नाही

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. आम्ही उलटं केलं.

कड्यावरून फिरलो तेव्हा वाट ओळखीची वाटत होती, म्हणून मी घड्याळाकडे बघितलं नाही. १.३ किलोमीटर बरोबर आलो. तिथे पठारावर गुरांच्या चार-पाच वाटा एकमेकींत मिसळल्या होत्या. त्यातली उजवीकडची धरली, कारण ती जास्त मळलेली होती. ती ६०० मीटर गेल्यावर गवतात विरून गेली. पुढे उतार, आणि उताराखाली काही दिसेना. ५:५८ झाले होते.

मी मेनू उघडून मागावरून परत लावलं. घड्याळाने उरलेलं अंतर दाखवलं: ७.१ किलोमीटर. मी दोनदा वाचलं. पायथ्यापासून कडाच ५.२ वर होता, आणि आम्ही तर निम्मं पठार परत आलो होतो.

हिशेब सोपा आहे, पण तिथे उभं राहून सुचला नाही. घड्याळाच्या वहीत आमचं चालणं असं होतं: पायथा ते कडा ५.२, कडा ते फाटा १.३, फाटा ते चुकलेली जागा ०.६. बेरीज ७.१. उलटा माग म्हणजे अक्षरशः उलटा. आधी फाट्यावर जा, मग पुन्हा कड्यावर जा, आणि तिथून पायथ्याला या! घड्याळाच्या दृष्टीने यात काहीच चूक नव्हती.

कड्यावरच ते लावलं असतं तर रेघ फक्त ५.२ ची झाली असती, आणि फाट्यावर उजवीकडे वळल्याबरोबर मनगटाला थरथर जाणवली असती, वाट सोडली म्हणून. एक गोष्ट तपासत राहा: गार्मिनच्या बऱ्याच घड्याळांत नोंद थांबवायचं बटण दाबून या मेनूत शिरावं लागतं. बाहेर आलात की पडद्यावरची वेळ पुढे सरकतेय ना, हे एकदा बघून घ्या.

## ४. चुकलात हे कळलं की आधी बसा

‘चकवा लागला’ म्हणतात ना, त्यात माणूस चालतच राहतो. आम्ही दहा मिनिटं बसलो. पाणी प्यायलो, हेडटॉर्च बाहेर काढला, आणि मी घड्याळाची बॅटरी बघितली: ३१ टक्के. फोनची ९. फोन बंद करून खिशात, अंगाच्या उबेत ठेवला, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते.

भावाने तेवढ्यात मेनूतला दुसरा पर्याय बघितला होता.

“ताई, हे बघ, सरळ गेलो तर फक्त १.८ किलोमीटर. उगाच सात कशाला चालायचं?”

“सरळ म्हणजे कुठून, ते विचार त्याला.”

“बाण तर समोरच दाखवतोय.”

मी त्याला उताराच्या टोकापर्यंत नेलं आणि एक दगड खाली टाकला. तो गवतावर आपटल्याचा आवाज आलाच नाही. मग खूप खालून एकदा ठक झालं. त्यानंतर सरळ रेषेचा विषय निघाला नाही.

जवळचा रस्ता शोधायचा मोह मलाही झाला होता. घड्याळाच्या पडद्यावर आमची जुनी रेघ डावीकडे अडीचशे-एक मीटरवर दिसत होती. तिरकं कापून तिथे जाता आलं असतं. पण मधल्या गवतात काय आहे ते आम्हाला माहीत नव्हतं. ज्या ६०० मीटरवरून आलो होतो, तिथे मात्र आमचं एकेक पाऊल पडलेलं होतं. दिवसा, सपाटीवर, सगळं नजरेच्या टप्प्यात असताना कापायला हरकत नाही. संधिप्रकाशात नाही.

## ५. बाण नाही, रेघ वाचा

मागावर चालताना घड्याळात साधारण दोन पानं असतात. एकावर मोठा बाण, दुसऱ्यावर रेघ आणि तुमचा ठिपका. बाण सोपा वाटतो म्हणून नवखे त्याच्यावर विसंबतात. मी रेघेचं पान लावते. त्यात नकाशाचा वरचा भाग उत्तरेऐवजी तुमच्या चालण्याच्या दिशेला असेल अशी सेटिंग करा, म्हणजे रेघ डावीकडे वळली की तुम्हीही डावीकडे वळायचं. झूम इतका ठेवा की पुढचे शंभर-दीडशे मीटर दिसतील. त्याहून जवळ आणला तर जीपीएसच्या बारीक चुकांमुळे ठिपका सारखा रेघेबाहेर पडतो आणि जीव घाबरा होतो.

उभं राहिलं की नकाशा गरगर फिरतो, त्याचंही घाबरू नका. चालताना घड्याळाला ठिपक्यांवरून दिशा कळते. थांबलात की त्याला आतल्या होकायंत्राचा आधार घ्यावा लागतो, आणि जवळ चुंबक असलं की ते बिघडतं. माझ्या फोनच्या कव्हरला चुंबक होतं आणि तो फोन त्याच हातात होता. दहा-पंधरा पावलं सरळ चाला, मग बघा. मोकळ्या आकाशाखाली घड्याळ पाच-सात मीटर चुकणं नेहमीचं आहे. कड्याच्या पोटाशी किंवा अरुंद घळीत संदेश खडकावर आपटून येतात, तिथे ते वीस-तीस मीटरही चुकतं.

६:१० ला उठलो. रेघ धरून, दर पन्नास पावलांना मनगट वर करून, ६:२५ ला फाट्यावर आलो. आता खरा घोटाळा. बाण डावीकडे वळला, कड्याच्या दिशेला. पायथा उजवीकडे होता, हे मावळतीच्या उरलेल्या उजेडावरून स्वच्छ कळत होतं. भाऊ म्हणाला, “आता कुणाचं ऐकायचं?”

इथे बाण सोडून दिला. रेघेच्या पानावर झूम लांबवला, तेव्हा सगळी रेघ एका नजरेत आली: एका टोकाला कडा, दुसऱ्या टोकाला पायथ्याचं चिन्ह, आणि मध्ये आमचा ठिपका. पायथ्याकडे जाणारी रेघ धरून चालू लागलो. पहिली काही मिनिटं घड्याळ कुरकुरत होतं. मग त्याने आम्हाला दुपारी जातानाच्या रेघेवर पकडलं, आणि उरलेलं अंतर एकदम ३.७ वर आलं. फाटा पायथ्यापासून ३.९ वर होता आणि आम्ही दोनशे मीटर चाललो होतो. आकडा जुळला, आणि मी मोठ्याने श्वास सोडला.

तुमच्यावर ही वेळ आली तर हेच करा. आतापर्यंत किती चाललो आणि आता किती उरायला हवं, हे मनात मांडा. घड्याळाचा आकडा त्याहून बराच मोठा असेल तर ते तुम्हाला एखादा तुकडा दुसऱ्यांदा चालायला लावतंय.

## ६. फूटपट्टीने मारल्यासारखी रेघ दिसली की थांबा

माणूस डोंगरात सरळ रेषेत चालत नाही. त्यामुळे मागात कुठेही एकदम सरळ, गुळगुळीत तुकडा दिसला तर तिथे नोंद झालेली नाही असं समजा. घड्याळाने दोन टोकं नुसती जोडलेली असतात.

आमच्या मागात असा तुकडा खिंडीच्या अलीकडेच होता, तीनशे मीटरचा. चढताना खिंडीत बसलो तेव्हा मी पॉझ केलं होतं, आणि उठल्यावर पुन्हा सुरू करायला विसरले. पठारावर बरंच पुढे आल्यावर लक्षात आलं होतं, आणि तेव्हा मी ‘तीनशे मीटरच तर गेले’ म्हणून हसले होते. रात्री पावणेसातला त्याच तीनशे मीटरच्या टोकाशी उभी होते, आणि रेघ समोरच्या काळोखात सरळ शिरत होती. खरी वाट एका घळीच्या डोक्यावरून वळसा घेऊन गेलेली होती. रेघ त्या घळीवरूनच गेली होती.

इथे घड्याळाचा उपयोग फक्त एवढाच, की पलीकडचं टोक कुठे आहे ते त्याला माहीत होतं. वळसा आम्हीच शोधायचा होता. फोन चालू केला, दुपारचे फोटो काढले. एका फोटोत भाऊ दुभंगलेल्या मोठ्या खडकावर बसला होता आणि त्याच्या मागे पायवाट स्पष्ट दिसत होती. हेडटॉर्चच्या उजेडात तो खडक शोधला. तो सापडला तिथून वाट पायाखाली कळायला लागली: गवत दबलेलं, माती घट्ट. घळ उजव्या हाताला ठेवून, रेघेपासून लांब लांब जात, मग पुन्हा जवळ येत गेलो. घड्याळ मध्ये दोनदा थरथरलं. दुर्लक्ष केलं. ठिपका पुन्हा वेड्यावाकड्या रेघेवर आला तेव्हा सव्वासात झाले होते आणि समोर खिंड होती.

तेव्हापासून मी डोंगरात पॉझ करत नाही. जेवायला अर्धा तास बसलं तर सरासरी वेग बिघडतो, बिघडू दे.

## ७. नागमोडी उतारावर उंचीचा आकडा वापरा

खिंडीखाली वाट वळणावळणाची होती, दोन वळणांमध्ये जेमतेम पंधरा-वीस मीटर. झाडीत घड्याळाची चूकही तेवढीच असते. त्यामुळे आपण वरच्या वळणावर आहोत की खालच्या, हे रेघेवरून कळत नाही. ठिपका मध्येच शेजारच्या वळणावर उडी मारतो. ते बघून कुणी वाट सोडून सरळ खाली घसरायला जातं.

अशा ठिकाणी हवेच्या दाबावरून उंची मोजणारं घड्याळ असेल तर तो आकडा पडद्यावर आणा. दिवसभरात हवा बदलली की तो काही मीटर सरकतो, पण पुढच्या अर्ध्या तासात तो सारखा कमी होतोय का, एवढंच बघायचं असतं. खिंडीतून १,०१० ला निघालो. भाऊ दर थोड्या वेळाने आकडा विचारायचा आणि मी सांगायचे: नऊशे ऐंशी, नऊशे चाळीस, आठशे नव्वद. एकदा आकडा वाढला. टॉर्च फिरवून बघितलं, तर आम्ही लाकूडतोड्यांच्या एका आडव्या वाटेवर शिरलो होतो. वीस पावलं मागे गेलो, आणि खाली जाणारं वळण सापडलं.

पायथ्याला साडेआठ वाजले. बॅटरी १४ टक्के.

## ८. घरी आल्यावर मागाची साफसफाई

त्याच वाटेने पुन्हा जायचं असेल, किंवा माग कुणाला द्यायचा असेल, तर तो तसाच देऊ नका. आमच्या मागात चुकलेले सहाशे मीटर आहेत, आणि ते पाहून कुणीतरी दुसरं त्या उतारापर्यंत जाईल. घड्याळाच्या ॲपमध्ये किंवा माग संपादित करणाऱ्या कुठल्याही साधनात तेवढा तुकडा कापा, आणि पॉझमुळे सरळ झालेला भाग दिसेल अशी खूण करा. कड्यापर्यंतचा जाणारा भागच ठेवलात तर उत्तम, परतीचा कापून टाका, म्हणजे फाट्यावर दोन रेघा एकमेकींवर येत नाहीत.

मग एक दिवस सरावाला काढा. घराजवळच्या मोकळ्या मैदानात आडवंतिडवं पंधरा मिनिटं चाला, मध्ये मुद्दाम एकदा मागे या, आणि मग मागावरून परत लावून बघा घड्याळ काय सांगतं. माझं अजूनही आधी लांब टोकाकडेच नेतं.